समर्पक शीर्षक : अपुरे कोणते, ऐसपैस कोणते?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. या विद्यालयात इयत्ता सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो आणि त्यासाठी पाचवीतील मुले निवड परीक्षेस बसतात. परीक्षेत एकंदर ८० प्रश्न व १०० गुण असतात. त्यांपैकी भाषेचे २० प्रश्न २५ गुणांचे असून ते चार उताऱ्यांवर आधारलेले असतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही प्रथम भाषेच्या भागात उतारे येतात. या उताऱ्यांखालील बहुतेक प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात शोधून सापडतात. सन विचारला तर सन दिसतो, व्यक्ती विचारली तर व्यक्ती दिसते. एक प्रश्न मात्र याला अपवाद असतो. ‘या उताऱ्यास समर्पक शीर्षक कोणते?’ किंवा ‘या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती?’ असा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर कोणत्याही एका ओळीत नसते, आणि एरवी चांगले वाचणारी मुलेही नेमकी येथेच चुकतात.

या चुकांकडे जरा बारकाईने पाहिले असता त्या दोन प्रकारच्या असतात असे दिसून येते. काही मुले उताऱ्याच्या एका तुकड्याला संपूर्ण उताऱ्याचे नाव देतात, तर काही मुले उताऱ्यात कधीच न आलेल्या गोष्टी पोटात घेणारे भले मोठे नाव निवडतात. पहिला पर्याय संकुचित, दुसरा अतिव्यापक. ‘नीट वाच’ एवढेच सांगून यांपैकी कोणतीही चूक सुधारत नाही, कारण दोन्हींची कारणे वेगळी आहेत. म्हणून आपल्याच शहराविषयीचा एक लहानसा परिच्छेद घेऊन हा प्रश्न प्रत्यक्ष सोडवून पाहू. सोयीसाठी वाक्यांना क्रमांक दिले आहेत.

(१) खाम नदीच्या परिसरात मलिक अंबराने वसविलेल्या खडकी या नगराच्या वाढत्या वस्तीसाठी पाण्याची कायमची सोय करणे भाग होते. (२) त्याने नगराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात जमिनीत मुरलेले पाणी भुयारी नहरीत गोळा करून नगरात आणविले. (३) हे पाणी केवळ जमिनीच्या उताराने वाहत असे. ते उचलण्यासाठी मोट किंवा बैल लागत नसत. (४) नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधलेल्या चुनेगच्ची स्तंभांमुळे नळांतील पाण्याचा दाब आवरला जाई. (५) पुढील काळात याच धर्तीवर आणखी नहरी काढण्यात आल्या. (६) त्यांपैकी एका नहरीचे पाणी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ उंचावरून सोडून त्याच्या जोरावर पाणचक्कीचे जाते फिरविले जाई आणि त्या पिठातून यात्रेकरूंच्या व फकिरांच्या अन्नाची सोय होई. (७) अशा रीतीने डोंगरात मुरलेले पाणी उताराच्या बळावर शहराची तहान भागवी आणि दळणही दळी.

प्रश्न : या परिच्छेदास समर्पक शीर्षक कोणते? (अ) पाणचक्कीचे जाते. (ब) दख्खनमधील जुन्या पाणीव्यवस्था. (क) मलिक अंबराचे कर्तृत्व. (ड) जमिनीच्या उतारावर चालणाऱ्या नहरी.

वाचकांनी पुढे वाचण्यापूर्वी आपले उत्तर मनाशी ठरवावे. त्याहूनही बरे म्हणजे पर्याय हाताने झाकून पाच-सहा शब्दांत स्वतःचे शीर्षक लिहावे. वर्गातही हीच पहिली पायरी ठेवणे हिताचे आहे. पर्याय आधी वाचले की मूल परिच्छेद न वाचता पर्यायांतील शब्द परिच्छेदात हुडकू लागते, आणि मग जो शब्द आधी सापडेल तो त्याला उत्तर वाटू लागतो.

आता एकेका पर्यायापुढे त्याखाली येणाऱ्या वाक्यांचे क्रमांक मांडू. ‘पाणचक्कीचे जाते’ या शीर्षकाखाली सहावे वाक्य संपूर्ण येते आणि सातव्याचा शेवट येतो. पहिल्यापासून पाचव्यापर्यंतची वाक्ये या नावाखाली राहू शकत नाहीत. खडकीच्या वस्तीला पाणी हवे होते किंवा स्तंभांमुळे दाब आवरला जाई हे जात्याच्या लेखात कशाला, असे वाचक विचारील. पाच वाक्ये उपरी ठरतात, म्हणून हा पर्याय संकुचित. तरीही पुष्कळ मुले तोच निवडतात, आणि त्याला कारण आहे. पाणचक्की हा शब्द परिच्छेदात जसाच्या तसा आला आहे, ते वाक्य लांब आहे, त्यात फिरणारे जाते डोळ्यांपुढे उभे राहते आणि ते शेवटाजवळ असल्याने लक्षातही राहते. चित्रमय तपशील ठसतो आणि त्या तपशिलाने सिद्ध केलेला मुद्दा निसटतो.

‘दख्खनमधील जुन्या पाणीव्यवस्था’ या शीर्षकाखाली मात्र सातही वाक्ये येतात. एकही उपरे ठरत नाही, आणि म्हणूनच हा पर्याय अधिक फसवा आहे. अतिव्यापक शीर्षक कधी खोटे ठरत नाही. ते केवळ निरुपयोगी असते. त्याची परीक्षा वेगळ्या प्रश्नाने करावी लागते. हे नाव एखाद्या लेखावर पाहून वाचक काय काय वाचण्याच्या अपेक्षेने पान उलटील? बीदरचे भुयारी कालवे, विजापूरचे तलाव, दौलताबादच्या किल्ल्यावरील हत्ती हौद, गावोगावच्या बारवा. यांपैकी परिच्छेदात काय आहे? काहीही नाही. नावाने दिलेले वचन मजकुराने पाळले नाही, तर नाव मोठे झाले असे समजावे.

येथे आपल्या भागातील शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा परिच्छेद शहरातील मुलाने वाचला तर त्याच्या मनात पाणचक्कीची सहल, तेथील हौद, घरी ऐकलेल्या गोष्टी असे बरेच काही जागे होते. मग परिच्छेदात काय आहे आणि आपल्याला आधीच काय ठाऊक आहे यांतील रेघ पुसट होते. एरवी ज्ञान उपयोगी. येथे ते घात करते. वैजापूर किंवा सोयगाव तालुक्यातील ज्या मुलाने पाणचक्की पाहिलेली नाही, ते या एका प्रश्नापुरते कदाचित अधिक सुरक्षित असेल.

‘मलिक अंबराचे कर्तृत्व’ हा तिसरा पर्याय सर्वांत विचार करण्याजोगा आहे. तो संकुचित म्हणावा की अतिव्यापक? दोन्ही! मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला आणि पाणचक्की अठराव्या शतकातली. तेव्हा पाचवे व सहावे वाक्य त्याच्या कर्तृत्वात बसत नाही, सातवेही अर्धेच बसते. या बाजूने शीर्षक अपुरे पडते. उलट, अंबराचे कर्तृत्व म्हटल्यावर मोगलांशी त्याने दिलेली झुंज, गनिमी कावा, जमीन महसुलाची त्याची पद्धत यांची अपेक्षा उत्पन्न होते, आणि त्यांचा परिच्छेदात उल्लेखही नाही. या बाजूने ते ऐसपैस आहे. असा पर्याय परिच्छेदावरून तिरपा जातो असे म्हणता येईल. काही भाग झाकतो, काही उघडा टाकतो आणि बाहेरही पसरतो. परिच्छेदाच्या आरंभी एखाद्या थोर व्यक्तीचे नाव आले की मुले तिच्या नावाचे शीर्षक निवडतात. पहिल्या वाक्यांवरून निकाल देण्याची ही सवय आहे, आणि प्रश्न काढणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते.

राहिला चौथा पर्याय. पहिले वाक्य नहरींची गरज सांगते, दुसरे, तिसरे व चौथे त्या कशा चालत ते सांगते, पाचवे त्यांचा विस्तार आणि सहावे त्यांचा एक विशेष उपयोग. सातव्या वाक्यात हे सारे एकत्र येते. उपरे वाक्य नाही, आणि नावाने वचन दिलेले पण मजकुरात नसलेले असेही काही नाही. ‘जमिनीच्या उतारावर’ हे शब्द पाहून काही मुलांना हे शीर्षक तिसऱ्या वाक्यापुरतेच वाटते. परंतु पाणचक्कीचे जातेही त्याच बळाने फिरते, हे सहाव्या-सातव्या वाक्यांवरून ताडून घेतले की ती शंका फिटते.

यावरून जो क्रम हाती येतो तो असा. प्रथम ज्या पर्यायांखाली काही वाक्ये उपरी ठरतात ते सर्व बाद करावेत. उरलेल्या पुरेशा पर्यायांपैकी जो सर्वांत लहान पसाऱ्याचा असेल तो घ्यावा. पसारा म्हणजे शब्दांची संख्या नव्हे, नावाच्या पोटात मावणारा विषय. आपल्या उदाहरणात पहिल्या चाळणीने (अ) व (क) गळतात. (ब) आणि (ड) उरतात, आणि त्यांत (ड) लहान पसाऱ्याचा आहे. क्रम उलटा केला तर घोटाळा होतो. आधी ‘सर्वांत नेमके’ शोधू लागले की मूल थेट पाणचक्कीच्या जात्यावर जाऊन थांबते.

उपरे वाक्य ओळखताना मात्र तारतम्य हवे. दाखला, कारण किंवा तपशील देणारे वाक्य उपरे नसते. चौथ्या वाक्यात नहर हा शब्द निमित्तमात्र आला आहे, सारा भर स्तंभांवर आहे. तरीही ते नहर कशी चाले याचाच तपशील आहे. ‘हे वाक्य शीर्षकातील गोष्टीविषयी काही सांगते का?’ हा खरा प्रश्न होय. शीर्षकातील शब्द वाक्यात आला पाहिजे, असे नाही.

संकुचित आणि अतिव्यापक हे गुण पर्यायाच्या अंगी जन्मतः नसतात, परिच्छेदाच्या मापाने ते ठरतात. हे मुलांना सांगून पटत नाही, करून दाखवावे लागते. वरील परिच्छेदातील तिसरे व चौथे वाक्य काढून टाकू आणि सहाव्या वाक्यानंतर तीन नवी वाक्ये घालू. नहरीचे पाणी आधी एका मोठ्या हौदात साठविले जाई. तेथून ते जोराने चक्राच्या पात्यांवर पडे आणि चक्राबरोबर जात्याची तळी फिरे. हौदाच्या खालच्या थंड दालनात यात्रेकरू उन्हाळ्यात विसावत. सातव्या वाक्याऐवजी ‘अशा रीतीने शहराला पाणी देणाऱ्या नहरीनेच चक्कीही चालविली’ असे लिहू. आता तोलच बदलला. मघाशी योग्य असलेल्या ‘जमिनीच्या उतारावर चालणाऱ्या नहरी’ या शीर्षकाखाली हौद, पाती आणि थंड दालन ओढूनताणूनच बसवावे लागतील, आणि उताराची गोष्ट तर परिच्छेदातून निघूनच गेली. ‘नहरीच्या पाण्यावरील पाणचक्की’ हे नाव आता चपखल ठरेल, आणि पहिली तीन वाक्ये त्याची पूर्वपीठिका होतील. फळ्यावर हे दोन्ही परिच्छेद शेजारी-शेजारी लिहून एकाच चार पर्यायांतून दोन्हींची उत्तरे मागितली, तर एका तासात जे साधते ते दहा सराव-पत्रिका सोडवून साधत नाही, असे आमचे मत आहे.

मध्यवर्ती कल्पनेचा प्रश्न याच जातीचा असला तरी त्याचे उत्तर संपूर्ण वाक्य असते. शीर्षक परिच्छेद कशाविषयी आहे ते सांगते. मध्यवर्ती कल्पना त्या विषयाबद्दल काय म्हटले आहे ते सांगते. मूळ परिच्छेदाची मध्यवर्ती कल्पना, डोंगरात मुरलेले पाणी जमिनीच्या उताराने आणून शहराच्या पिण्याची व दळणाची गरज भागविली गेली, ही होय. येथे संकुचित पर्याय ‘पाणचक्कीच्या पिठातून यात्रेकरूंची सोय होई’ असा येईल. अतिव्यापक पर्याय बहुधा सुविचाराच्या वेषात येतो, जसे ‘पाणी हेच शहराचे जीवन आहे’. सुविचार कोणाला नाकारावासा वाटत नाही, म्हणून त्याची भूल अधिक. आणखी एक पर्याय हमखास असतो : ‘जुन्या नहरी दुरुस्त केल्यास शहराचा पाणीप्रश्न सुटेल’. हे खरे की खोटे यावर वाद होऊ शकेल, परंतु परिच्छेद त्याविषयी अवाक्षरही काढीत नाही. तो संकुचितही नाही आणि व्यापकही नाही, सरळ बाहेरचा आहे.

आपल्या परिच्छेदात सातवे वाक्य सार सांगून टाकते, म्हणून काम सोपे झाले. प्रत्येक वेळी असे वाक्य मिळत नाही. गोष्टीच्या किंवा प्रसंगाच्या उताऱ्यात सार कोठेच लिहिलेले नसते. ‘परंतु’, ‘तथापि’ अशा शब्दाने वळण घेणाऱ्या उताऱ्यात मुख्य म्हणणे बहुधा वळणानंतर येते. वळणाआधीचे मत लेखकाने खोडून काढण्यासाठीच मांडलेले असते, आणि घाईत वाचणारे मूल नेमके तेच लेखकाचे मत समजून बसते.

केंद्रस्तरावर सराव-प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांसाठी दोन शब्द. योग्य पर्याय हाच सर्वांत लांब आणि सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला, असे नकळत घडते. मुले ते ओळखतात आणि परिच्छेद न वाचता गुण मिळवितात. दुसरे असे की अतिव्यापक पर्याय ‘पाणी’ किंवा ‘इतिहास’ इतका अफाट ठेवला तर तो कोणीच निवडत नाही आणि प्रश्नात प्रत्यक्षात तीनच पर्याय उरतात. तो योग्य पर्यायाहून एकच पायरी मोठा असावा. प्रश्न तयार झाल्यावर दुसऱ्या शिक्षकाकडून सोडवून घ्यावा. त्याने वेगळे उत्तर दिले आणि त्याचे समर्थनही करता आले, तर दोष बहुधा प्रश्नाचा असतो.

वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना ‘चूक’ एवढाच शेरा देऊन न थांबता कोणता चुकीचा पर्याय निवडला ते टिपून ठेवावे. जे मूल वारंवार संकुचित पर्याय घेते ते शब्द जुळवून उत्तर देते. त्याला प्रत्येक वाक्यापुढे ‘मुद्दा’ की ‘दाखला’ अशी खूण करावयास सांगावे. जे वारंवार अतिव्यापक पर्याय घेते ते बहुधा परिच्छेद चाळून आपल्या ज्ञानावर विसंबते. त्याला निवडलेल्या शीर्षकाचे एक संपूर्ण पुस्तक कल्पून त्यातील प्रकरणांची नावे लिहावयास लावावीत. त्या यादीतील किती प्रकरणे परिच्छेदात आहेत हे त्याने स्वतः मोजले की शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही.

हा प्रश्न केवळ मुलांनाच सोडवावा लागतो असे नाही. ग्रामपंचायतीतून पंचायत समितीकडे जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर ‘विषय’ म्हणून जी ओळ असते, ती त्या पत्राचे शीर्षकच होय. समजा, विहिरीपासून टाकीपर्यंतची जलवाहिनी दोन ठिकाणी फुटली आहे, दुरुस्तीस निधी हवा आहे आणि दुरुस्ती होईपर्यंत दोन वस्त्यांना टँकर हवा आहे, असे पत्र आहे. त्यावर ‘विषय : पाणीपुरवठ्याबाबत’ असे लिहिले तर एकही वाक्य उपरे राहत नाही, पण पाणीपट्टीच्या थकबाकीपासून नव्या योजनेच्या मागणीपर्यंतची सारी पत्रे याच नावाची असतात आणि हेही त्यांच्यात मिसळून जाते. ‘विषय : जलवाहिनीची गळती’ असे लिहिले तर पत्र दुरुस्तीच्या टेबलावर वेळेवर पोहोचते, तेथे अंदाजपत्रकही तयार होऊ लागते, परंतु शेवटच्या परिच्छेदातील टँकरची मागणी त्या टेबलाची नसल्याने तशीच पडून राहते. ‘विषय : फुटलेल्या जलवाहिनीची दुरुस्ती व तोपर्यंत दोन वस्त्यांना टँकर मिळणेबाबत’ ही ओळ थोडी लांब होते खरी, पण ती वाचताच पत्राची एक प्रत दुसऱ्या टेबलाकडे पाठवावयाची आहे हे आवक लिपिकाला कळते.